पीएस५ कॉम्प्युटरच्या मॉनिटरवर: १४४ चा मॉनिटर ६० दाखवतोय, आवाजही नाही. मदत हवी आहे

सांगलीकर_गेमर: पीएस५ टीव्हीवरून काढून माझ्या १४४ हर्ट्झच्या १०८०पी मॉनिटरला जोडला. मागे एक एचडीएमआय, एक डिस्प्लेपोर्ट आणि हेडफोनचं भोक आहे. चित्र येतंय, पण मॉनिटरच्या मेनूत ६० हर्ट्झच दिसतं. दुकानदार डिस्प्लेपोर्टचा कन्व्हर्टर घ्यायला सांगतोय, त्याने १४४ मिळेल म्हणतो. शिवाय भोकात स्पीकर लावले तर आवाज अजिबात नाही. काय करू?

राहुल_कोथरूड: मॉनिटरचं एचडीएमआय १.४ असेल. त्यावर ६० च्या पुढे जात नाही. मॉनिटर बदलावा लागेल.

वायरवाले_काका: राहुल, ती अडचण ४के ला, तिथे १.४ तीसवरच अडकतं. १०८०पी ला १२० त्यात बसतं, फक्त मॉनिटरने त्या पोर्टवर १२० स्वीकारायला हवं. काहींना ते जमत नाही.

सांगलीकर, कन्व्हर्टर घेऊ नका. बाजारातले स्वस्त कन्व्हर्टर कॉम्प्युटरच्या डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय टीव्हीकडे जाणारे असतात. उलट्या दिशेने ते चालत नाहीत. उलटं नेणारे वेगळे आणि महाग मिळतात, पण उपयोग नाही, कारण पीएस५ मुळात १२० च्या वर देतच नाही.

आता ६० का दिसतं? पीएस५ चा मेनू ६० वरच चालतो. Settings मध्ये Screen and Video, तिथे Video Output, त्यात Enable 120 Hz Output हे Automatic ठेवा. मग १२० देणारा एखादा गेम उघडा आणि त्याच्या सेटिंगमध्येही १२० चा पर्याय चालू करा. स्क्रीन क्षणभर काळी होईल. तेव्हा मॉनिटरचा मेनू उघडून आकडा बघा.

मिनल_डोंबिवली: माझ्या पीएस४ वर हा १२० चा पर्याय सापडतच नाही, कुठे असतो?

वायरवाले_काका: पीएस४ मध्ये नाहीच, तो ६० वर थांबतो.

आवाजाचं: तो एचडीएमआयमधूनच मॉनिटरकडे येतो आणि तिथून भोकात उतरतो. म्हणून आधी मॉनिटरच्या बटणांनी त्याचा व्हॉल्यूम वाढवा, शून्यावर असू शकतो. मेनूत ऑडिओचा स्रोत निवडायचा असेल तर एचडीएमआय ठेवा. मग पीएस५ च्या Sound मध्ये Audio Output उघडून Output Device बघा. कंट्रोलरला हेडफोन लावलेला असेल तर आवाज तिकडे वळतो, तो काढा.

सांगलीकर_गेमर: काका, हेडफोन खरंच कंट्रोलरला लागलेला होता! काढल्यावर स्पीकर वाजले. गेममध्ये १२० पण दिसलं. पण आवाज बारीक आहे, वाढवला की घुंई येते.

वायरवाले_काका: स्पीकरला स्वतःचा प्लग आहे का? मॉनिटरच्या भोकात जोर कमी असतो, नुसते स्पीकर त्यावर नीट वाजत नाहीत.

सांगलीकर_गेमर: यूएसबीवर चालतात, ती वायर पीएस५ लाच लावली आहे.

वायरवाले_काका: ती तिथून काढून मोबाईलच्या चार्जरवर लावून बघा आणि घुंई कमी होते का, ते कळवा.