मदत हवी आहे: बॅटरी अ‍ॅप खातंय की रेंज?

रानजाई

फोन अँड्रॉइड, दोन वर्षं वापरलेला, बॅटरी ५००० एमएएच. सकाळी आठला १०० टक्के करून निघते आणि संध्याकाळी सहाला २८ वर येते. स्क्रीन दिवसभरात जेमतेम पावणेदोन तास चालू असते. सुट्टीच्या दिवशी घरी याहून जास्त वापर होतो, तरी सहाला साठच्या वर असते.

सेटिंगमध्ये Battery usage उघडून बघितलं. सगळ्यात वर फोटो बॅकअपचं अ‍ॅप, २९ टक्के. त्याखाली लिहिलंय की स्क्रीनवर ४ मिनिटं, बॅकग्राउंडला ५ तास ४० मिनिटं. पण तिथेच View by systems केलं की Mobile network ४४ टक्के दिसतं. २९ आणि ४४ मिळून ७३, म्हणजे उरलेल्या सगळ्याला फक्त २७? हे काही पटेना. माझी बसायची जागा तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये आहे, भिंती जाड, रेंजच्या एक-दोन दांड्या येतात-जातात. आता अ‍ॅप काढून टाकू की कंपनी बदलू?

झटपट_उपाय

सरळ आहे ताई. स्क्रीनवर ४ मिनिटं आणि मागे साडेपाच तास, म्हणजे अ‍ॅपच चोर. Force stop करा, बॅटरीच्या सेटिंगमध्ये Restricted करा. आणि रीसेंटमधली सगळी अ‍ॅप्स तासातासाला झटकून टाकत जा, मी तेच करतो.

सोल्डरगन

झटपटराव, पहिलं निरीक्षण बरोबर, शेवटचा सल्ला सोडा. झटकलेलं अ‍ॅप पुन्हा उघडताना सगळं नव्याने लोड होतं, त्यात बॅटरी वाचण्याऐवजी जातेच.

रानजाई, आधी बेरजेचं. अ‍ॅप्सची यादी आणि सिस्टिमची यादी या एकाच खर्चाच्या दोन बाजू आहेत. एकीत कोणामुळे खर्च झाला ते, दुसरीत फोनच्या कुठल्या भागाने केला ते. दोन्हींची बेरीज करायची नसते. दुसरं म्हणजे ते टक्के बॅटरीचे नाहीत, उतरलेल्या चार्जचे आहेत. तुमची ७२ टक्के बॅटरी उतरली, त्यातले २९ टक्के म्हणजे बॅटरीचे साधारण २१ टक्के त्या अ‍ॅपच्या नावावर पडले. थोडे नाहीत, पण ते अ‍ॅपनेच ‘खाल्ले’ असंही अजून म्हणता येत नाही. मोबाइल डेटाच्या रेडिओला लागलेली वीज सिस्टिम त्या वेळी डेटा वापरणाऱ्या अ‍ॅप्सच्या खात्यावर वाटून टाकते. रेंज वाईट असली की तेच काम महाग पडतं आणि बिल अ‍ॅपच्या नावाने फाटतं.

तेव्हा दोन गोष्टी बघून सांगा. Battery usage च्या आलेखात दोन-दोन तासांच्या पट्ट्या असतील, त्या एकेक दाबा. खालची यादी तेवढ्याच वेळापुरती होते. आणि About phone मध्ये SIM status उघडून Signal strength चा आकडा जागेवर बसून आणि वर मोकळ्यावर, दोन्हीकडे वाचा. दांड्यांवर जाऊ नका, किती रेंजला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारे आपापलं ठरवतात.

आजोबा_ऑनलाइन

माझा आयफोन आहे. बॅटरीच्या यादीत No Cell Coverage नावाचं एक अ‍ॅप वर आलंय. मी असलं काही घेतलेलं नाही. नातू म्हणतो व्हायरस असेल. कसं काढायचं?

सोल्डरगन

आजोबा, ते अ‍ॅप नाही, काढता येणार नाही. रेंज नसताना टॉवर शोधण्यात गेलेला चार्ज आयफोन त्या नावाने वेगळा दाखवतो. खरं तर तुमचं काम सोपं झालं, फोनने स्वतःच सांगितलं. फोन रात्री कुठे ठेवता? तिथे रेंज नसेल तर झोपताना एअरप्लेन मोड लावून बघा.

आजोबा_ऑनलाइन

कपाटात ठेवतो. लोखंडी आहे.

सोल्डरगन

मग बाहेर ठेवा. 😄

रानजाई

पट्ट्या दाबून बघितल्या. आठ ते दहा ५ टक्के, दहा ते बारा १९, बारा ते दोन ११ (यात तासभर जेवायला वर असते), दोन ते चार २०, चार ते सहा १७.

दहा ते बाराची पट्टी दाबली की बॅकअप अ‍ॅप ४१ टक्के, बॅकग्राउंड १ तास ५० मिनिटं. सिस्टिममध्ये Mobile network ५५. गंमत म्हणजे सुट्टीच्या दिवशी मी जास्त फोटो काढले, तरी त्या अख्ख्या दिवसात हेच अ‍ॅप बॅकग्राउंडला फक्त १२ मिनिटं होतं. घरी वायफाय आहे, इथे नाही.

सिग्नल जागेवर -117 dBm, वर कँटीनमध्ये -92 dBm. फरक २५ चा, तो फार आहे का?

सोल्डरगन

फार आहे. या मोजमापात दर १० ला सिग्नल दहापट क्षीण होतो, त्यामुळे २५ म्हणजे तीनशेपट. उणे ९० च्या आसपास फोर-जी छान चालतं, उणे ११० च्या खाली रडतखडत, उणे १२० ला असून नसल्यासारखं.

टॉवरचा आवाज फोनला क्षीण ऐकू येतो, तेव्हा फोनचा आवाजही टॉवरला क्षीण पोचतो, म्हणून फोन ओरडून बोलतो. फोर-जी फोनला साधारण २०० मिलिवॅटपर्यंत प्रक्षेपण करता येतं, आणि तेवढं बाहेर टाकायला आतल्या अ‍ॅम्प्लिफायरला त्याच्या कितीतरी पट वीज लागते. वर मोकळ्यावर याचा छोटासा अंश पुरतो. ओरडण्याचा हा खर्च मुख्यतः पाठवताना होतो, घेताना नाही. आणि फोटो बॅकअप म्हणजे सगळं पाठवणंच. त्यात अशा रेंजला वेगही पडतो, म्हणून घरी काही सेकंदांत जाणारा फोटो इथे मिनिटं घेतो. मोठा व्हिडिओ मध्येच तुटला की पुन्हा प्रयत्न. तुमचे १ तास ५० मिनिटं विरुद्ध १२ मिनिटं इथून येतात असा माझा अंदाज.

शंकासुर

अंदाजच ना? अ‍ॅपमध्ये बग असेल आणि ते फोनला झोपूच देत नसेल, तरी स्क्रीनवर असंच दिसेल. बॅकग्राउंड वेळ जास्त, अ‍ॅप वर. रेंजवर सगळं ढकलणं सोयीचं आहे. आणि दोन वर्षांची बॅटरीच थकली असेल तर?

सोल्डरगन

बॅटरी थकली असती तर घरीही थकलेलीच असती. सुट्टीच्या दिवशी ती नीट टिकते, म्हणून तो संशय मागे ठेवू. बगचं मात्र बरोबर बोललात, स्क्रीन बघून ते वेगळं काढता येत नाही. करून बघावं लागेल.

रानजाई, जागा तीच, वेळ तीच, दहा ते बारा. एके दिवशी बॅकअप अ‍ॅपच्या आत जाऊन मोबाइल डेटावरचा बॅकअप तेवढा बंद करा, बाकी कशाला हात लावू नका. दुसऱ्या दिवशी बॅकअप पुन्हा चालू करा, पण ते दोन तास फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. एअरप्लेनमध्येही अ‍ॅपचा बॅकग्राउंड वेळ तासाच्या वर राहिला आणि बॅटरी उतरत राहिली, तर शंकासुर जिंकले, बग आहे. उतरण थांबली तर पैसे रेडिओला जात होते. Restricted आत्ता करू नका, मग कशामुळे फरक पडला ते कळणार नाही.

झटपट_उपाय

एवढी प्रयोगशाळा कशाला, अ‍ॅप काढा आणि मोकळे व्हा.

रानजाई

काढून टाकलं तर फोटो कुठे ठेवू, तुमच्याकडे? 🙂

दोन्ही करून झालं. मोबाइल डेटावरचा बॅकअप बंद: दहा ते बारा ११ टक्के उतरली, अ‍ॅपचं नाव यादीत पार खाली गेलं. एअरप्लेन मोड: फक्त ३ टक्के, अ‍ॅप बॅकग्राउंडला २ मिनिटं.

पण पहिल्या दिवसाचं एक कळत नाही. Mobile network ५५ वरून ६८ वर गेलं! अ‍ॅप गप्प केल्यावर नेटवर्क जास्त खायला लागलं का?

सोल्डरगन

नाही. ते टक्के उतरलेल्या चार्जचे असतात हे इथेच फसवतं. १९ चे ५५ टक्के म्हणजे साडेदहा. ११ चे ६८ टक्के म्हणजे साडेसात. नेटवर्कचा खर्च तीनने कमीच झाला, फक्त ताटातला एक मोठा वाटेकरी उठला म्हणून उरलेल्याचा हिस्सा फुगला. दोन दिवसांची तुलना करताना नुसते टक्के कधी लावू नयेत, आधी किती उतरली त्याने गुणायचं.

बग नाही हे एअरप्लेनने जवळजवळ सांगितलं. अ‍ॅप वाईट रेंजमध्ये हट्टाने अपलोड करत होतं. तो हट्ट फक्त वायफायवर ठेवा, घरी गेल्यावर फोटो आपोआप चढतील.

शंकासुर

‘जवळजवळ’ ठीक आहे. नेटवर्कच नाही म्हणून अ‍ॅपने कामच सुरू केलं नसेल, मग बग झोपून राहिला असंही होऊ शकतं. आणि हे साडेदहा-साडेसात फार घट्ट धरू नका. बऱ्याच फोनवर हे आकडे मोजलेले नसतात, कुठला भाग किती वीज घेतो याचा तक्ता फोन बनवणारा आत भरून ठेवतो आणि त्यावरून हिशोब होतो. तक्ता ढिसाळ असेल तर हिशोबही ढिसाळ.

सोल्डरगन

दोन्ही मान्य. म्हणून वाटणीपेक्षा एकूण उतरण, १९, ११ आणि ३, यांच्यावर माझा जास्त भरवसा. कॉम्प्युटरला फोन जोडायची तयारी असेल, तर डेव्हलपर ऑप्शनमधून यूएसबी डीबगिंग चालू करून हे चालवा:

```
adb shell dumpsys batterystats --charged
```

भलामोठा मजकूर येईल, घाबरू नका. त्यात Cellular Rx signal strength शोधा. शेवटच्या चार्जिंगनंतर फोन कुठल्या रेंजमध्ये किती वेळ होता ते तिथे असतं.

रानजाई

कॉम्प्युटरचं जमेलसं वाटत नाही. पण अपलोड बंद, स्क्रीन जवळपास बंद, तरी दोन तासांत ११ आणि एअरप्लेनमध्ये ३. मधले ८ कुठे जातात?

सोल्डरगन

मेसेज, मेल यांची थोडी देवाणघेवाण आणि बाकी टॉवर धरून ठेवण्याची धडपड. फोन फाइव्ह-जीचा असेल तर फाइव्ह-जी आणि फोर-जीमध्ये उड्या मारत असेल. नेटवर्कचा प्रकार फोर-जीवर बांधून बघा, काहींना फरक पडतो, काहींना शून्य. दुसरं सिम आहे का?

रानजाई

आहे. आत्ता बघितलं, तळघरात त्याला No service दाखवतंय.

सोल्डरगन

मग फोर-जीच्या आधी ते. रेंज नसलेलं सिम दर थोड्या वेळाने सगळे बँड चाळत बसतं. सेटिंगमधून ते सिम बंद करा, फोन उघडायची गरज नाही, आणि दहा ते बारा परत बघा.

रानजाई

त्या नंबरवर घरचे फोन येतात.

सोल्डरगन

तळघरात तसेही येत नाहीत. वर आलात की चालू करा.

रानजाई

हो की. उद्या करून आकडा टाकते.