अनुभव धागा: माद्रिद, तीन दिवस, फक्त चित्रं (आणि पाय-डोळे शाबूत)

रेघोटी
भाचीने माद्रिदचा बेत पाठवला आणि जुनं सगळं वर आलं. शनिवारी एकाच दिवसात प्रादो, रेना सोफिया आणि थिसेन! नकाशावर ही तिन्ही चित्रसंग्रहालयं दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर दिसतात, म्हणून सगळेच असं करतात. दुपारी तीनच्या सुमारास माणूस चित्राऐवजी नावाची पाटी वाचायला लागतो, मग पाटीही वाचत नाही, नुसता बाक शोधतो. ज्यांनी नीट बेत आखलाय त्यांनी इथे लिहा. शनिवार ते सोमवार धरा.

कुंचला_कोथरूड
पहिलं म्हणजे प्रादो दोनदा जा, एकदाच नको. शनिवारी सकाळी १० ला उघडताना आत शिरायचं आणि सरळ तळमजल्यावर ५६ए खोलीत बॉशच्या 'गार्डन ऑफ अर्थली डिलाइट्स'कडे. हे तीन फळ्यांचं चित्र आहे, बारीक बारीक शेकडो माणसं, जवळून बघायला लागतं आणि अकरानंतर पुढे डोक्यांची भिंत होते. बाजूच्या फळ्या दारांसारख्या मिटतात, त्यांच्या बाहेरून करड्या रंगात पृथ्वीचा गोळा आहे, तो मागे गेल्याशिवाय दिसत नाही. बहुतेक लोक मागे जातच नाहीत.
तिथून जवळच ५८ मध्ये व्हान डर वेडनचं, येशूला क्रुसावरून उतरवतानाचं. मग वर १२ मध्ये वेलाझकेझचं 'लास मेनिनास' (१६५६). आधी खोलीच्या पार टोकाला उभं राहायचं, मग हळूहळू जवळ. तीन मीटरहून उंच चित्र आहे, लांबून राजकन्येचा झगा रेशमी दिसतो, जवळ गेलं की नुसते फटकारे. बस्स. साडेअकराला बाहेर. गोयाच्या चित्रांना हातही लावायचा नाही त्या दिवशी.

साबुदाणा_वडा
पण १५ युरो देऊन दीड तासात बाहेर?? आमच्या हिशोबात बसत नाही हो 😄

कुंचला_कोथरूड
म्हणूनच दुसरी फेरी फुकटात. प्रादो सोमवार ते शनिवार ६ ते ८ आणि रविवारी ५ ते ७ मोफत असतं. रविवारी संध्याकाळी फक्त गोया.

नाना_डोंबिवली
मोफत वेळेला रांग केवढी असते ते सांगा की! पाऊण तास उभं राहिलात की पाय तिथेच संपले, मग आत काय बघणार. आणि सोमवारी युरोपात सगळी संग्रहालयं बंद असतात, रेघोटीताई, तो दिवस उडवाच.

रेघोटी
नाना, सोमवारचं अर्धंच बरोबर. प्रादो चालू असतं. रेना सोफिया मंगळवारी बंद. थिसेनचा कायमचा संग्रह तर सोमवारी १२ ते ४ मोफत. म्हणजे भाचीला सोमवार सोन्यासारखा आहे. रांगेचं मात्र खरं.

प्रवासी_पक्षी
रांगेवर उपाय: मोफत वेळ सुरू झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने जायचं. तोवर रांग ओसरलेली असते. उरतो तासभर, पण गोयाच्या ६४ आणि ६७ या दोनच खोल्या बघायच्या असतील तर पुरतो. दोन तास मिळाले म्हणून दोन तास बघायचेच असं नाही.

गेरू
थकव्याबद्दल थोडं. 'म्युझियम फटीग' हा शब्दच जुना आहे. १९१६ साली बॉस्टनच्या संग्रहालयातले गिलमन यांनी एका माणसाला पेट्यांमधल्या वस्तू बघायला लावून त्याचे फोटो काढले. वाकणं, उकिडवं बसणं, मान तिरकी करणं! म्हणजे नुसतं डोकं नाही, शरीरच दमतं. प्रादोत फरशी कडक, चाल संथ. पाच पावलं टाकून थांबण्याने कंबर धरते, तेवढाच वेळ सरळ चालल्याने धरत नाही. म्हणून दर तीन-चार चित्रांनंतर दोन मिनिटं बसायचं, तेही दमायच्या आधी. दम लागल्यावर बसलेला माणूस उठून पुन्हा बघत नाही, दुकानात जातो.

साबुदाणा_वडा
दुकानात 😂😂 अगदी.
बरं शाकाहारी काय मिळतं तिथे? सासूबाई येणार आहेत.

प्रवासी_पक्षी
पतातास ब्रावास म्हणजे तिखट सॉसमधले बटाटे, पाद्रोनच्या मिरच्या, उन्हाळ्यात गाझपाचो म्हणजे टोमॅटोचं थंड सूप. तोर्तिया म्हणजे बटाट्याचं ऑम्लेट, त्यात अंडं असतं. भाज्यांच्या पदार्थातही हॅमचे तुकडे असतात, "सिन हामोन", म्हणजे हॅमशिवाय, म्हणायला शिका. आणि जेवणाची वेळ हा बेताचाच भाग आहे, विषयांतर नाही! बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर दीड-दोनला सुरू होतं, चारच्या पुढे रात्रीपर्यंत बंद. साडेअकराला प्रादोतून बाहेर, मागच्या रेतिरो बागेत झाडाखाली दीड तास, मग जेवण. उपाशीपोटी गॅलरी म्हणजे भांडण.

कुंचला_कोथरूड
रविवार सकाळ कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. प्रिन्सिपे पिओ मेट्रोपासून दहा मिनिटं चालून सान अंतोनिओ दे ला फ्लोरिदा. छोटं चर्च, घुमटावर गोयाने १७९८ मध्ये भित्तिचित्र केलं. संत मेलेल्याला उठवतोय आणि भोवती कठड्याला रेलून माद्रिदची साधी माणसं, काहींचं तर लक्षच नाही. अर्धा तास पुरतो. मान मोडते, म्हणून खिशात छोटा आरसा ठेवा, तो आडवा धरून घुमटाकडे बघायचं. गोया तिथेच पुरलाय, कवटी सोडून.
आता संध्याकाळी प्रादोत ६७ मध्ये त्याचीच काळी चित्रं, १४. ही त्याने म्हातारपणी, १८१९ला घेतलेल्या घराच्या भिंतींवर केली होती, नंतर काढून कॅनव्हासवर चढवली. सकाळचा हात आणि संध्याकाळचा हात एकच, मध्ये वीसेक वर्षं. मधली दुपार झोपलात तरच हे डोक्यात उतरतं. शिवाय ही खोली दमलेल्या डोळ्यांनी बघू नये, सगळं एकसारखं काळं दिसतं.

मुंबईकर_म
आमची मुंबईतली गॅलरी सहल चालेल का इथे? काळा घोडा: एनजीएमए सोमवारी बंद, जहांगीरला प्रदर्शनं मंगळवारी बदलतात, म्हणून मंगळवारी सकाळी गेलात तर खिळे ठोकणं चालू असतं. बुधवारी जा.

रेघोटी
मुंबईचा वेगळा धागा काढा ना, मी येते तिकडे. भाचीचं विमान माद्रिदचं आहे 🙂

नाना_डोंबिवली
सोमवारचं मान्य. पण रेना सोफियातल्या पिकासोच्या गेर्निकाचे फोटो काढू देत नाहीत हे तरी बरोबर ना?

गेरू
२०२३ पर्यंत बरोबर होतं नाना, आता देतात (फ्लॅश, ट्रायपॉड नाही). त्यामुळे तिथली गर्दी हल्ली पाठमोरी असते. प्रादोत मात्र फोटो बंदच, आणि खरं सांगायचं तर त्यानेच तिथे कमी दमायला होतं.
गेर्निका जवळजवळ पावणेआठ मीटर लांब. सोमवारी १० ला जा. शक्य असेल तर आधी डोरा मारचे फोटो शोधा, चित्र बनताना टप्प्याटप्प्याने काढलेले, मग मोठ्या चित्रासमोर. बैलाचं अंग फिरलं, घोड्याची मान वर आली हे आपोआप शोधायला लागता. साडेअकराला बाहेर.

प्रवासी_पक्षी
आणि मग थिसेन त्याच दिवशी? सकाळी गेर्निका झाल्यावर मी तरी दुसरं काही नाही बघायला सांगणार.

कुंचला_कोथरूड
मध्ये जेवण घेऊन अडीचला जायचं, एकच मजला. तिथे वरून खाली काळ उतरत येतो. वरचा मजला घेतला तर गिरलांदायोने काढलेली जोव्हान्ना, खालचा घेतला तर हॉपरची हॉटेलातली बाई. दोन्ही नको.

प्रवासी_पक्षी
एक मजला बघून खाली न जाता परत येणारा मराठी माणूस दाखवा.

साबुदाणा_वडा
सासूबाई येतील. त्यांना जिने नको असतात.
"सिन हामोन" लिहून घेतलंय. भाजीच्या सूपला काय म्हणतात?