देवघराच्या भिंतीला कुठला रंग? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरला राजवाड्याजवळ जुन्या घरात राहतो. हॉलच्या कोपऱ्यात 4 फुटांचं देवघर आहे, सागवानी देव्हारा, पितळेचे देव, आणि बाजूलाच आई सकाळी ध्यानाला बसतात. खिडकी उत्तरेची आहे त्यामुळे थेट ऊन फारसं येत नाही.

आधी भिंतीवर हळदी पिवळ्याचा 2 फुटी पॅच मारून बघितला. दिवसा तो हिरवट दिसायला लागला, 6500 केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली तर आजारीच वाटत होता, मग 2700 चा पिवळा बल्ब लावला तर तोच रंग एकदम नारिंगी, आणि पितळेचे देव त्यात हरवूनच गेले, उठून दिसेचनात. नंतर ऑफ व्हाइट दिला, तो खरंच छान शांत वाटला पण मॅट फिनिश होता, समईची काजळी महिन्याभरात वर चढली आणि पुसायला गेलं तर डाग आणखी पसरला.

आता डोक्यात फिकट गेरू किंवा चंदनी रंग आहे, म्हणजे थोडी लाल झाक असलेला, त्याने उत्तरेचा निळसर उजेड जरा ऊबदार वाटेल असं वाटतंय. राखाडी आईंना चालणार नाही, टाइल्स नि वॉलपेपर नको, समई रोज लागणारच.

कोणी अशा कमी उजेडाच्या कोपऱ्यात गेरू किंवा चंदनी लावलाय का, पितळ त्यावर उठून दिसतं का? आणि सॅटिन फिनिश घेतला तर काजळी पुसली जाईल हे ठीक, पण ज्योतीची चमक भिंतीवर पडून ध्यानात डोळ्यांना खुपते का?