कानाची मेणबत्ती किती वेळ जळू द्यायची? आज रात्रीच करायचंय

शेवंती
सासूबाईंच्या कानाला दडे बसलेत. नणंदेने ती पोकळ मेणबत्ती ऑनलाइन मागवली आहे, एक टोक कानात धरायचं आणि दुसरं पेटवायचं. तिच्या पार्लरमधल्या दोघींना म्हणे लगेच मोकळं वाटलं. किती वेळ जळू द्यायची आणि मधली कागदी ताटली किती उंचीवर ठेवायची? पाकिटावर धड काही लिहिलेलं नाही. कृपया 'डॉक्टरकडे जा' एवढंच लिहू नका.

अण्णा_६२
एवढा खर्च कशाला? दोन लसूण पाकळ्या तिळाच्या तेलात लाल होईस्तोवर तळायच्या, कोमट झालं की तीन थेंब. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हेच.

खडूस
कुठला कान? कधीपासून? दुखतंय का? 'दडे बसलेत' यावरून कोणी काय सांगणार?

निमिष
मी दोनदा केलंय. उरलेलं थोटुक कापून बघा, आत तपकिरी मळ आणि भुकटी दिसते. डोळ्यांनी बघितलंय. अमेरिकेतल्या होपी आदिवासींची जुनी पद्धत आहे, उगाच नावं ठेवू नका.

मृदुला_के
निमिष, पुढच्या वेळी तीच मेणबत्ती कानाऐवजी रिकाम्या पेल्यात उभी करून जाळा आणि थोटुक कापा. तसाच मळ निघेल, कारण ते तिचंच मेण आणि अर्धवट जळलेलं कापड असतं. धूर वर ओढताना मळही ओढला जातो, असा दावा आहे. १९९६ साली अमेरिकेत काही डॉक्टरांनी हे मोजून बघितलं. ओढ अजिबात तयार होत नव्हती, मळ तसाच राहिला आणि काहींच्या कानात उलट मेण पडलं. त्यांनी १२२ कान-नाक-घसा डॉक्टरांनाही विचारलं, तेव्हा अशा मेणबत्तीने झालेल्या २१ इजा समोर आल्या. त्यांतल्या १३ भाजल्याच्या. आणि ही पद्धत आमची नाही, असं होपी लोकांनीच सांगितलंय.
शेवंती, खडूस यांच्या प्रश्नांची उत्तरं द्या. शिवाय कान पूर्वी कधी वाहायचा का?

भटक्या
विमानातून उतरल्यावर माझाही कान असाच बंद होतो. नाक दाबून हळू फुंकर मारा, पटकन सुटतो. परत येतानाच्या विमानात मात्र सुटत नाही, ते का?

शेवंती
उजवा. परवा केस धुतल्यापासून. दुखत नाही, सारखा घूं आवाज येतो म्हणतात. काल लसणाचं तेल घालून झालंय, फरक नाही. लहानपणी तो कान वाहायचा, पण त्याला आता पन्नास वर्षं झाली. त्याचा इथे काय संबंध?

मृदुला_के
तोच तर मुख्य संबंध आहे. वाहणाऱ्या कानाच्या पडद्याला भोक राहून गेलेलं असू शकतं. तसं असेल तर तेल, मेण, पाणी सगळं थेट आत मधल्या कानात. त्यामुळे आत कोणी बघेपर्यंत काहीही घालू नका, तेलसुद्धा.
नहाणं झाल्यावर अचानक दडे बसले म्हणजे बहुतेक मळ पाण्याने फुगला असावा. पण आतली नस अचानक मंदावली तरी कान असाच बंद झाल्यासारखा वाटतो. त्यांना तोंड मिटून 'हूं' करायला सांगा. आवाज बंद कानात मोठा आला तर मळ किंवा पडद्याची गोष्ट. चांगल्या कानाकडे गेला तर उद्या सकाळीच दवाखाना गाठा, कारण नसेसाठीच्या स्टेरॉइडच्या गोळ्यांचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच जास्त असतो.

अण्णा_६२
आमच्या आईचा कान नव्वदीपर्यंत ठणठणीत होता. घाबरवणं सोपं असतं.

मृदुला_के
पडदा शाबूत असेल तर साध्या तेलाने मळ मऊ होतो, अण्णा, तिथे वाद नाही. वाद लसणाशी आणि गरमपणाशी आहे. बोटाला कोमट लागलेलं तेल कानात चटका देऊ शकतं आणि तळलेली लसूण दडे सोडवत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात तेल घातलेले कान बुरशी घेऊन येतात: खाज, आणि आत ओल्या वर्तमानपत्रासारखा राखाडी लगदा.

खडूस
मग मळ काढायचा कसा, तेही सांगा. नाहीतर लोक इअरबड घेतात.

मृदुला_के
पडदा बघून झाल्यावर मऊ करायचे थेंब चार-पाच दिवस, मग शरीराइतक्या कोमट पाण्याची पिचकारी. गार पाणी मारलं तर भोवळ येते. भोक असेल तर पाणी नाहीच, सक्शनने काढतात. इअरबडने मळ आत ठासला जातो.

शेवंती
'हूं' करून घेतलं. आवाज डोक्यात मधोमध येतो म्हणतात, मग म्हणाल्या जरा डावीकडे. परत विचारलं तर चिडल्या. नणंद अजूनही मेणबत्तीच म्हणतेय.

मृदुला_के
डावीकडे म्हणजे चांगल्या कानाकडे. खात्री नसली तरी उद्याच दाखवा.

निमिष
पण मला बरं वाटलं होतं, त्याचं काय?

खडूस
अर्धा तास कुशीवर गप्प पडून राहिलास, बरं वाटणारच.

भटक्या
माझ्या विमानाचं कोणी सांगेल का?