फायर अलार्म बंद होता म्हणून वॉरंटी ब्रीच म्हणतायत, खुलासा कसा लिहू?

खोकेवाला
मंडळी, जरा अर्जंट आहे. सातपूर एमआयडीसीत आमचं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं युनिट आहे. 7 जूनला पहाटे अडीचच्या सुमारास कच्च्या मालाच्या गोडाऊनला आग लागली, क्राफ्ट पेपरचे रोल गेले, छताचे पत्रे वाकले, माणसांना काही झालं नाही. क्लेम 62 लाखांचा टाकलाय. सर्व्हेयर येऊन गेला, सगळं नीट चाललंय असं वाटत होतं आणि काल कंपनीचं पत्र आलं की गोडाऊनचा फायर अलार्म 21 मेपासून बंद होता, सबब पॉलिसीतल्या वॉरंटीचा भंग झालेला दिसतो, 7 दिवसांत खुलासा करा.
अलार्म बंद होता हे खरंच आहे. 21 मेला संध्याकाळी वळवाच्या पावसात जवळच वीज पडली आणि पॅनेलचं लूप कार्ड गेलं. दोन लूप आहेत, एक प्रॉडक्शन आणि ऑफिसचा, तो चालू होता, दुसरा गोडाऊनचा, तो मेला. 22 ला एएमसीवाल्याचा माणूस येऊन गेला, 24 ला कोटेशन आलं, 25 ला अ‍ॅडव्हान्स भरला, पण कार्ड यायला तीन आठवडे लागतील म्हणाले. तोपर्यंत रात्री एक जास्तीचा वॉचमन गोडाऊनला लावला होता, त्यानेच धूर बघितला आणि 101 ला फोन केला. एजंटलाही 23 ला व्हॉट्सअ‍ॅप केलं होतं, त्याने अंगठा पाठवला. आता हे सगळं लिहायचं कसं? वकील गाठू का आधी?

लेस्टरकर
टेन्शन घेऊ नका हो. मी इकडे युकेत दुकान चालवतो, कायदा एकदम क्लिअर आहे, अलार्म बंद असल्यामुळे त्या नुकसानाचा धोका वाढूच शकत नव्हता हे तुम्ही दाखवलं तर कंपनी ते कारण पुढे करून क्लेम नाकारू शकत नाही. 2015 चा इन्शुरन्स अ‍ॅक्ट, कलम 11. हे एका ओळीत लिहा आणि पाठवून द्या, लांबण लावू नका.

सुमेधा_पुणे
आमच्या सोसायटीतला अलार्म तर उलटा सारखा वाजतो, कुणी अगरबत्ती लावली तरी! शेवटी सेक्रेटरीने बंदच करून टाकला. त्याने आमचा इन्शुरन्स पण जाईल का?

क्लेमकाका
सुमेधाताई, तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, पण थोडक्यात, हाताने बंद करणं आणि आपोआप बिघडणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि खोकेवाल्यांचा सगळा मुद्दा तिथेच येतो.

लेस्टरकर, तुम्ही सांगताय ते तुमच्याकडे बरोबर आहे, पण तो ब्रिटनचा कायदा, नाशिकच्या पॉलिसीला लागत नाही. आपल्याकडे अजून जुनी धारणा बरीच शिल्लक आहे की वॉरंटी म्हणजे वॉरंटी, नुकसानाशी संबंध असो नसो. ग्राहक आयोग आणि सुप्रीम कोर्ट बऱ्याचदा मवाळ भूमिका घेतात, 2010 चा अमलेंदू साहू निकाल आहे, त्यात अटीचा भंग असूनही क्लेम पूर्ण नाकारता येत नाही म्हणत नॉन-स्टँडर्ड धरून काही रक्कम द्यायला लावली, पण ती गाडीची केस होती, फायरला कंपनी ते सहजासहजी मान्य करत नाही. म्हणून 'कारण-संबंध नाही' हा तुमचा दुसरा मुद्दा ठेवा, पहिला नको.

मी तीसेक वर्षं क्लेम्सच्या टेबलाच्या पलीकडे बसलोय. खोकेवाले, आधी एक काम करा, पॉलिसीला जोडलेला तो वॉरंटीचा कागद काढा आणि त्यातलं वाक्य जसंच्या तसं इथे टाका. 'अलार्म सदैव चालू असेल' आणि 'अलार्म सुस्थितीत राखला जाईल' ही दोन वेगळी वचनं आहेत.

खोकेवाला
काका, काढला. इंग्रजीत आहे, मथितार्थ असा की पॉलिसीच्या काळात आवारातली अलार्म यंत्रणा कार्यक्षम स्थितीत राखली जाईल आणि देखभालीचा करार चालू ठेवला जाईल. बिघाड झाला तर किती वेळात कळवायचं वगैरे काही नाही.

क्लेमकाका
मग तुमची बाजू बरीच बरी आहे. तुम्ही 'राखली जाईल' असं वचन दिलंय, आणि वीज पडून कार्ड जळाल्यावर दुसऱ्या दिवशी माणूस आणणं, चौथ्या दिवशी पैसे भरणं, हे राखणंच आहे. कंपनी म्हणेल कार्यक्षम नव्हती म्हणजे भंग. तुम्ही म्हणायचं की दुरुस्ती चालू असणं हा देखभालीचाच भाग आहे, कुठलंही यंत्र कधी ना कधी बिघडतंच आणि वॉरंटीत बिघडणारच नाही असं कुठे लिहिलेलं नाही. हा वाद आहे, शंभर टक्के जिंकाल असं मी म्हणत नाही.

आता पुराव्याचं. पॅनेल जळालंय की शाबूत आहे?

खोकेवाला
पॅनेल ऑफिसात आहे, शाबूत. नवीन कार्ड आलंय, एएमसीवाला उद्या बसवायला येतोय.

क्लेमकाका
थांबवा त्याला! आज फोन करून थांबवा. पॅनेलच्या मेमरीत घटनांची यादी असते, तारीख-वेळेसकट, आणि जागा मर्यादित असते, नवीन नोंदी आल्या की जुन्या पुसल्या जातात. कार्ड बदलून चाचण्या घेतल्या की शेकडो नोंदी पडतील आणि 21 मे गायब. आधी पूर्ण लॉग उतरवून घ्या, शक्यतो सर्व्हेयरला ईमेल करून त्याच्यासमोर, तो नाही आला तरी ईमेल राहतो. जळालेलं कार्ड एएमसीवाला बायबॅकमध्ये घेऊन जातो, ते देऊ नका, पिशवीत सील करून ठेवा, काजळी आणि फुटलेला पार्ट दिसेल असे फोटो काढा.

आणि लॉगमध्ये बघा, 21 ला 'फॉल्ट' पडलाय की 'डिसेबल्ड'. फॉल्ट यंत्र स्वतः नोंदवतं, डिसेबल कुणीतरी पासकोड टाकून करतं. खुलासा वाचणारा पहिल्यांदा हेच शोधतो, कारण नव्वद टक्के केसमध्ये धूळ किंवा वेल्डिंगने खोटा अलार्म वाजतो म्हणून सुपरवायझर झोन बंद करतो आणि विसरतो.

अण्णा_कोल्हापूर
काकांचं ऐका. आमच्या हॉटेलच्या क्लेमला अकाउंटंटने पत्र लिहिलं, 'नजरचुकीने अलार्म बंद राहिला, क्षमस्व'. झालं, तेच एक वाक्य पुढे प्रत्येक पत्रात आमच्या तोंडावर मारलं गेलं. खरं तर त्या दिवशी महावितरणची लाइन गेली होती आणि पॅनेलची बॅटरी संपली होती, पण माफी आधी मागून बसलो. मिळाले अर्धेच, तेही दोन वर्षांनी.

खोकेवाला
थांबवला त्याला. लॉग उतरवला, सर्व्हेयरने असिस्टंट पाठवला होता. 21 मेला लूप 2 फॉल्टच आहे, डिसेबल नाही. पण दोन गोष्टी निघाल्या. एक, पॅनेलचं घड्याळ 35 मिनिटं पुढे आहे, त्यामुळे फॉल्टची वेळ सीसीटीव्हीशी जुळत नाही. दुसरं, मार्चमध्ये गोडाऊनचे दोन डिटेक्टर अडीच तास डिसेबल दिसतायत. तेव्हा शेडला वेल्डिंग चालू होतं. हे मार्चचं सांगायचं का? त्यांनी विचारलंच नाहीये.

लेस्टरकर
नाही विचारलं तर कशाला सांगताय?

क्लेमकाका
सांगायचं. लॉग त्यांच्या हातात गेलाय, त्यांचा माणूस ते वाचणारच, आणि तुम्ही गप्प राहिलात तर पुढचं पत्र 'वारंवार बंद ठेवण्याची सवय' असं येईल. वेल्डरचं बिल किंवा वर्क परमिट जोडा, त्याच दिवशी परत चालू केल्याची नोंद लॉगमध्येच असेल, ती दाखवा, विषय संपतो. घड्याळाचंही तसंच, पॅनेलच्या डिस्प्लेशेजारी मोबाइल धरून एक फोटो काढा आणि आपणच लिहा की पॅनेल इतकी मिनिटं पुढे चालतं.

वॉचमनचं रजिस्टर आहे का?

खोकेवाला
आहे, पण मळकं आहे, एकदोन पानांवर चहा सांडलाय, काही राउंड चुकलेत. मुलगा म्हणाला नीट फेअर करून देऊ.

क्लेमकाका
अजिबात नको!! मी असली रजिस्टरं पाहिलीत, दर तासाला बरोबर ठोक्यावर सही, सगळी पानं एकाच पेनाने, एकाच दाबाने. ते बघितलं की बाकीच्या खऱ्या कागदांवरचाही विश्वास उडतो. चुकलेले राउंड, चहाचे डाग सकट मूळ वही द्या, झेरॉक्स ठेवून पोच घ्या. त्याच्या जोडीला जादा वॉचमनचं एजन्सीचं बिल, आणि अग्निशमन दलाचा रिपोर्ट, त्यात वर्दी मिळाल्याची वेळ असते. अलार्म असता तरी तो ऐकून वॉचमनच 101 ला फोन करणार होता, तुमच्या पॅनेलला फायर ब्रिगेडशी थेट कनेक्शन नसेल तर हे ठासून लिहा. तुमचा कारण-संबंधाचा मुद्दा इथे बसतो.
जानेवारीचा फॉर्म बी भरला होता ना?

खोकेवाला
हो, लायसन्स्ड एजन्सीकडून, फायर ऑफिसची पोच आहे.

क्लेमकाका
जोडा. आपल्या राज्याच्या 2006 च्या कायद्याने तो दर जानेवारी-जुलैला द्यायचाच असतो, म्हणजे बिघाडाच्या आधी यंत्रणा चालू होती हे तिसऱ्या माणसाने लिहून दिलंय.

पत्र इंग्रजीतच द्या, पण गाभा साधारण असा ठेवा: 'गोडाऊनमधील लूप दि. 21 मे रोजी विजेच्या दाबामुळे बिघडला, आमच्याकडील कोणी तो बंद केला नाही (पॅनेलचा लॉग सोबत). दुसऱ्या दिवशी तपासणी झाली, दि. 25 मे रोजी सुट्या भागाची ऑर्डर व आगाऊ रक्कम दिली. भाग उपलब्ध होईपर्यंत रात्रपाळीला स्वतंत्र पहारा ठेवला. वॉरंटीचा भंग झाला हे आम्हाला मान्य नाही. आमचे सर्व हक्क राखून हा खुलासा देत आहोत.' दीड पानाच्या वर जाऊ नका. 'दुर्दैवाने', 'नजरचुकीने', 'यापुढे काळजी घेऊ' यातलं काहीही नको. प्रत्येक वाक्यामागे एक कागद, कागद नसेल तर वाक्य काढा.

खोकेवाला
आणि एजंटचं व्हॉट्सअ‍ॅप?

क्लेमकाका
जोडा, पण त्यावर इमारत उभी करू नका. एजंटला सांगणं म्हणजे कंपनीला सांगणं नाही असं ते म्हणणार. 'बिघाडाची माहिती दि. 23 रोजी आपल्या एजंटला दिली होती' एवढंच. 'कंपनीला कळवलं होतं' असं लिहिलंत तर ते खोटं ठरेल.

अण्णा_कोल्हापूर
माझ्या मते एजंट त्यांचाच माणूस, त्याला सांगितलं की झालं. आमच्या वेळी आयोगाने एजंटचा मेसेज धरला होता.

क्लेमकाका
अण्णा, तुमचा ब्रोकर होता की एजंट? ब्रोकर कायद्याने ग्राहकाचा माणूस, एजंट कंपनीचा, पण एजंटला असल्या नोटिसा घ्यायचा अधिकार होता का यावर दोन्ही बाजूंनी निकाल बघितलेत मी. ठाम सांगणार नाही.

अण्णा_कोल्हापूर
आता आठवत नाही, फाइल काढून बघतो.

खोकेवाला
काल पत्र दिलं, ईमेल आणि हातपोच दोन्ही, इनवर्डचा शिक्का घेतला. आज सर्व्हेयरचा फोन, त्याला वीज पडल्याचा पुरावा हवाय, म्हणतो कार्ड जुनं होऊन गेलं नाही कशावरून. त्या रात्री शेजारच्या युनिटचा व्हीएफडी पण गेला होता, त्याच्याकडून दुरुस्तीचं बिल मागितलंय, अजून दिलेलं नाही. हवामान खात्याकडून त्या दिवसाचा दाखला मिळतो का कुणाला माहीत आहे?