मदत हवी आहे: भजनी मंडळाच्या सुवर्णमहोत्सवासाठी जुन्या फोटोंवर वाचायचं भाषण

चाळीतली_सून
नमस्कार मंडळी. लालबागला आमच्या चाळीच्या भजनी मंडळाला पन्नास वर्षं होताहेत. संस्थापक बहुतेक गिरणीकामगार. त्यांतले दोघेच आज आहेत, पुढच्या रांगेत बसतील. पडद्यावर जुने फोटो आणि त्यावर मी आठ मिनिटं बोलायचं, असं ठरलंय. फोटो बावीस आहेत. लिहिलेलं सगळं असं होतंय: "या छायाचित्रात आपल्याला संस्थापक सदस्य भजन करताना दिसत आहेत. त्यांचे ऋण न फिटणारे आहे." वाचताना मलाच कंटाळा येतो. शिवाय १९८२ च्या संपानंतर बरेच जण गावी गेले, तेव्हाचा एकही फोटो नाही. काय करू?

हरिनाम
अभिनंदन! सुरुवात रूपाच्या अभंगाने करा, मग गौळण, एखादं भारूड आणि शेवटी भैरवी. पसायदान विसरू नका.

चाळीतली_सून
धन्यवाद दादा, भजनाचा क्रम बुवांनी ठरवलाय. मला भाषणाचं हवंय.

माईकवाला
सोपं आहे. प्रत्येक फोटोला वीस सेकंद लावून टाका, आपोआप सरकतील. मागे हळू आवाजात अभंग ठेवा. दिवंगतांची नावं शेवटी एकत्र घ्या आणि दोन मिनिटं स्तब्धता.

निवेदिका
मागे सूर ठेवायला हरकत नाही, पण शब्द असलेला अभंग नको. लोक तो गुणगुणू लागतात आणि तुमचं वाक्य बुडतं. नुसती पेटी किंवा तंबोरा पुरे. फोटो आपोआप सरकवणं मात्र टाळा. ओळखीचा चेहरा दिसला की सभागृहात "अगं, हे तर आपले..." सुरू होतं, तो आवाज ओसरेपर्यंत थांबावं लागतं. फोटो बदलायला माणूस बसवा आणि प्रत्येक परिच्छेदाचा शेवटचा शब्द त्याच्या प्रतीवर अधोरेखित करा. फोटो आधी येऊ द्या, मनात दोन आकडे मोजा, मग बोला.

बावीस फोटो आठ मिनिटांत बसवले तर प्रत्येकाला बावीसेक सेकंद मिळतात, त्यात हा गलका धरलेला नाही. चौदा ठेवा, उरलेले दाराशी फलकावर लावा. मिनिटाला शंभर शब्द धरले तरी एकूण सहाशेच्या वर जाऊ नका.

आता मुख्य गोष्ट. जे पडद्यावर दिसतंय ते सांगू नका, जे दिसत नाही ते सांगा. एखादा फोटो इथे वर्णन करून टाकता का?

चाळीतली_सून
गॅलरीत बैठक. पखवाजवाले काका पखवाज आडवा घेऊन बसलेत, बोटं पिठाने माखलेली. शेजारी परात. मागे दारात एक काकू अर्धवट दिसतात. सासूबाई म्हणाल्या, पखवाजाची कणीक त्याच भिजवून द्यायच्या.

निवेदिका
मग तुमचं भाषण त्या दारातल्या काकूंपासून सुरू होतं. असं काहीसं वाचा:

"परातीत कणीक आहे, ती पोळ्यांची नाही. पखवाजाच्या डाव्या पुडीला लावायची आहे. ती लागल्याशिवाय आवाजाला घुमारा येत नाही. ही कणीक दारात उभ्या असलेल्या काकू भिजवून द्यायच्या. काकू, पन्नास वर्षांनी का होईना, तुमचे आभार."

'ऋण' हा शब्द न वापरता आभार पोचले ना? प्रत्येक संस्थापकाचं असं एकेक काम सासूबाईंना आणि त्या दोघा आजोबांना विचारा: पहिली पेटी कोणाच्या पैशांतून आली, रातपाळी असलेला माणूस भजनाला कसा यायचा. आणि दिवंगतांना शेवटी एकत्र घेतलंत तर समारंभाची शोकसभा होते. ज्याच्या त्याच्या फोटोवरच नाव घ्या.

माईकवाला
फोटो सरकवण्याचं पटलं. स्तब्धतेचं नाही. आमच्याकडे घरच्यांना ती हवी असते, नाही ठेवली तर रुसतात.

बदलापूरकर
आमच्या मंडळाचे रंगीत फोटो पार लाल पडलेत आणि एक फ्रेमच्या काचेलाच चिकटलाय. ओढून काढू का?

निवेदिका
अजिबात ओढू नका, वरचा थर काचेवरच राहील. काचेसकट स्कॅन करा. जुन्या छपाईतला निळसर रंग आधी उडतो म्हणून फोटो लाल दिसतात. संगणकावर बरेच सावरता येतात.

सूनबाई, संपाच्या काळाचं: पडदा काळा ठेवा. "१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. यानंतरच्या काळातला फोटो आमच्याकडे नाही." एवढं म्हणा आणि तेव्हा भजन कोणी चालू ठेवलं, त्यांची नावं घ्या.

चाळीतली_सून
सासूबाई म्हणतात, तेव्हा चौघंच बसायचे आणि पेटी गहाण होती. हे चारचौघांत सांगू का?

निवेदिका
ज्यांनी गहाण ठेवली त्यांच्या घरच्यांना आधी विचारा. ते हो म्हणाले तरच.

चाळीतली_सून
विचारते. अजून एक अडचण. एक संस्थापक भांडून बाहेर पडले, त्यांनी दुसरं मंडळ काढलं. पहिल्या फोटोत मधोमध तेच आहेत. अध्यक्ष म्हणतात, फोटोच वगळा.

हरिनाम
वगळू नका ताई. पहिला टाळ त्यांनीही वाजवला असेल.

माईकवाला
अध्यक्षांना दुखवून कार्यक्रम होत नाही. दुसरा फोटो घ्या.

चाळीतली_सून
दुसरा नाही, सगळे संस्थापक एकत्र असलेला तेवढाच आहे. रविवारी बैठकीत मांडते. तोवर कणकेच्या फोटोपासून लिहायला घेते.