मदत हवी आहे: बाटलीच्या व्हिडिओत लिस्टिंगपेक्षा जास्त बोललं जातंय

मंडळी, ७५० मिलीच्या स्टील थर्मास बाटलीचा ३० सेकंदांचा व्हिडिओ करतोय, ६ फ्रेम काढल्यात आणि प्रत्येक फ्रेमखाली लिस्टिंगमधली ओळ जशीच्या तशी चिकटवलीय, ज्याला ओळच सापडली नाही तो शॉट उडवला. तरी दोन ठिकाणी अडलोय.

लिस्टिंगमध्ये आहे 'झाकण बंद असताना १२ तासांपर्यंत गरम', पण आवाज देणारा मित्र म्हणतो हे बोलायला जड जातं, म्हणून त्याने 'दिवसभर गरम' करून टाकलं! आता दिवसभर म्हणजे १२ तास की २४, आणि 'पर्यंत' गेलं की ती हमीच झाली ना? 'बारा तासांपर्यंत गरम' आवाजात ठेवून झाकणाची अट स्क्रीनवर, त्याच वेळी, दिली तर चालेल का?

दुसरं म्हणजे फ्रेम ४. बाटली लॅपटॉपच्या बॅगेत आडवी पडलीय. आवाजात गळतीबद्दल एक शब्द नाही, पण बघणारा समजणारच की गळत नाही, आणि लिस्टिंगमध्ये तर फक्त 'उभी ठेवल्यास सांडत नाही' एवढंच आहे. मला वाटतं चित्रही दावाच करतं, म्हणून बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात उभी दाखवावी. तुम्ही शॉट बदलाल की लिस्टिंग?